दोन वर्षं म्हणजे कुठून कुठपर्यंत

माझ्या फायलीत आयेल्ट्सची तीन निकालपत्रं आहेत. एक ऑक्टोबर २०१८चं, पुण्याच्या केंद्रावरचं. दुसरं नोव्हेंबर २०२०चं आणि तिसरं डिसेंबर २०२२चं, दोन्ही ओंटारियोतली. तिन्हींवर माझंच नाव आहे, फोटोही माझाच आणि गुणांतही फार फरक नाही. माझं इंग्रजी चार वर्षांत होतं तेवढंच राहिलं. तरी तीन वेळा फी भरली, तीन वेळा परीक्षेला बसले. त्यातली पहिली परीक्षा आवश्यक होती. दुसरी चुकीच्या वेळी दिली, आणि म्हणून तिसरी द्यावी लागली.

हल्ली साताऱ्याहून, कोल्हापुराहून कुणा ना कुणाचा फोन येतो. "मावशी, कुठली परीक्षा देऊ?" असा प्रश्न असतो. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

१. परीक्षेचं नाव अर्धवट वाचू नका

२०१८ साली ओंटारियोतल्या एका कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिप्लोम्यासाठी मी आयेल्ट्स अकॅडमिक दिली. कॉलेजनं तीच मागितली होती. २०१९च्या सप्टेंबरात इथे आले. वर्षभरानं पुढचा विचार सुरू झाला, की शिक्षण संपल्यावर वर्षभर नोकरी करायची आणि मग एक्सप्रेस एंट्रीतून कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करायचा. पुण्याच्या ज्या सल्लागाराकडून मी आले होते त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं आयेल्ट्स झालंय ना, तेच चालतं." मला हायसं वाटलं.

चालत नव्हतं. ते माझ्या एका वर्गमैत्रिणीनं दाखवलं. माझं निकालपत्र तिनं हातात घेतलं आणि वरच्या बाजूला, तारखेच्या जवळ, ठळक अक्षरांत छापलेल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे अकॅडमिक असं लिहिलं होतं. "पीआरला इथे जनरल ट्रेनिंग असं हवं," ती म्हणाली. दोन वर्षांत शंभर वेळा तो कागद मी हाताळला असेल, पण माझी नजर कायम खालच्या गुणांवरच गेली होती.

या दोन्ही परीक्षांत ऐकण्याचा आणि बोलण्याचा भाग सारखाच असतो. फरक वाचनात आणि लेखनात. अकॅडमिकला आलेख किंवा तक्ता देऊन त्याचं वर्णन लिहायला सांगतात, जनरलला त्या जागी पत्र लिहायचं असतं. जनरलचे उतारे सोपे असतात, पण म्हणून बँड सहज मिळतो असं नाही. अकॅडमिकला वाचनात सात बँडसाठी चाळीसपैकी साधारण तीस उत्तरं बरोबर लागतात, जनरलला चौतीसच्या आसपास. अकॅडमिक दिलेली माणसं 'जनरल काय, सोपी आहे' म्हणत जातात आणि वाचनातच अडकतात.

हे फक्त आयेल्ट्सचं नाही. पीटीई अकॅडमिक आणि पीटीई कोअर या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कॅनडाच्या पीआरसाठी ३० जानेवारी २०२४पासून पीटीई चालायला लागली ती फक्त कोअर. सेल्पिपमध्ये एक जनरल आहे आणि दुसरी जनरल एलएस. एलएसमध्ये केवळ ऐकणं आणि बोलणं तपासतात, त्यामुळे ती नागरिकत्वाच्या अर्जाला चालते, एक्सप्रेस एंट्रीला नाही. आणि टोफेल, जी इथल्या विद्यापीठांत सर्रास घेतात, ती एक्सप्रेस एंट्रीच्या यादीतच नाही. म्हणून 'आयेल्ट्स चालते का' हा प्रश्न पुरा होत नाही. कुठली, हे विचारायलाच हवं.

२. विद्यापीठ आणि व्हिसा या दोन वेगळ्या खिडक्या आहेत

माझा कोल्हापूरचा भाचा ब्रिटनमध्ये एमएस्सी करायला निघाला होता. त्याची साधी आयेल्ट्स अकॅडमिक झाली होती, एकूण साडेसहा. लेखनात मात्र साडेपाच आले आणि विद्यापीठाला लेखनात किमान सहा हवे होते. विद्यापीठानं त्याला आधी दहा आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग, ज्याला ते प्री-सेशनल म्हणतात, करायला सांगितलं. तो खूश झाला. परत परीक्षा द्यायला नको, असं त्याला वाटलं.

मी त्याला विद्यापीठाचं पत्र शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या पानावर ओळ होती, की प्री-सेशनलसाठी 'आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय' लागेल.

"अगं मावशी, परीक्षा तीच आहे ना?"

"परीक्षा तीच आहे. पेपर तसाच, तपासणीही तशीच. पण ती मान्यताप्राप्त केंद्रावर, व्हिसासाठी म्हणून नोंदवून द्यावी लागते. तुझ्या निकालपत्रावर तो उल्लेख नाही."

यामागचं कारण त्याला कळलं तेव्हा नियम त्याच्या डोक्यात बसला. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना, चांगली नोंद असलेली विद्यापीठं विद्यार्थ्याचं इंग्रजी स्वतः पारखू शकतात आणि व्हिसासाठी लागणाऱ्या संमतिपत्रात, कॅसमध्ये, तसं लिहितात. तिथे साधी अकॅडमिकही चालते, कारण हमी विद्यापीठाची असते. पण पदवीच्या खालचा अभ्यासक्रम, म्हणजे फाउंडेशन किंवा इंग्रजीचा वर्ग, असेल तर सरकार स्वतःच्या यादीतलीच सुरक्षित परीक्षा मागतं. तिला ते सेल्ट म्हणतात. मुलगा तोच आणि विद्यापीठही तेच, पण अभ्यासक्रम बदलला की परीक्षा बदलते.

ही यादी एवढी आवळलेली का, यालाही इतिहास आहे. २०१४ साली बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमानं ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर टोईक परीक्षेत चाललेली फसवणूक दाखवली. उमेदवाराच्या जागी दुसरंच कुणी बसत होतं, उत्तरं वाचून दाखवली जात होती. त्यानंतर टोईक आणि तिच्याच संस्थेची टोफेल ब्रिटिश व्हिसाच्या यादीतून गेल्या. त्यात निरपराध विद्यार्थीही भरडले गेले, त्यांचे व्हिसे रद्द झाले आणि वर्षानुवर्षं खटले चालले. म्हणून केंद्र कुठलं, ओळखपत्र कसं तपासलं, नोंदणी कशी झाली, याकडे ते सरकार इतकं बारकाईनं बघतं. आपल्याला तो जाच वाटतो, पण तो कशातून आला ते माहीत असलं की 'तीच परीक्षा आहे ना' असा वाद घालण्यात वेळ जात नाही.

भाच्यानं नवी परीक्षा यूकेव्हीआयखाली दिली. लेखनात सहा आले आणि इंग्रजीच्या वर्गाची गरजच उरली नाही. त्याला मी एकच पद्धत घालून दिली होती. कागदावर दोन रकाने आखायचे, एका रकान्यात विद्यापीठानं मागितलेलं आणि दुसऱ्यात व्हिसासाठी लागणारं. दोन्हींत चालेल अशी परीक्षा असेल तर तीच द्यायची, चार पैसे जास्त गेले तरी.

३. दोन वर्षांचं मोजमाप कोण करतं ते बघा

'आयेल्ट्स दोन वर्षं चालते' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण दोन वर्षं कुठल्या दिवसापासून आणि कुठल्या दिवसापर्यंत, हे त्यात नसतं, आणि माणसं बुडतात ती तिथेच.

परीक्षा घेणारी संस्था दोन वर्षं म्हणते ती शिफारस असते. निर्णय घेणार्‍याचा दिवस वेगळा असू शकतो. एखादं विद्यापीठ अर्जाच्या तारखेला निकाल ताजा असला की पुरे म्हणतं, दुसरं वर्ग सुरू होण्याच्या तारखेला. माझ्या एका मैत्रिणीनं २०२०च्या सप्टेंबरचा प्रवेश साथीमुळे पुढे ढकलून जानेवारी २०२१चा घेतला. कॉलेजनं आनंदानं तारीख बदलून दिली. तिचा निकाल नोव्हेंबर २०१८चा होता. सप्टेंबरला तो ताजा होता, जानेवारीला शिळा झाला. प्रवेश पुढे ढकलताना फीचं विचारलं, वसतिगृहाचं विचारलं, निकालाचं विचारायचं कुणालाच सुचलं नाही. टोफेलचा तर आणखी एक प्रश्न आहे. दोन वर्षं उलटली की ती संस्था गुण पाठवतच नाही, त्यामुळे विद्यापीठ तयार असलं तरी कागद येणार कुठून?

ऑस्ट्रेलियात कौशल्यावर आधारित व्हिसांसाठी तीन वर्षांपर्यंतचे गुण धरतात, विद्यार्थ्यांच्या व्हिसाला दोन. एकाच सरकारच्या दोन व्हिसांत एका वर्षाचा फरक.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत निकाल दोन दिवशी जिवंत असावा लागतो. पहिला, प्रोफाइल भरता तो दिवस. दुसरा, आमंत्रण आल्यानंतर पीआरचा पूर्ण अर्ज पाठवता तो दिवस. मधल्या काळाचं ओझं आपल्यावर असतं. परीक्षेची तारीख आणि निकालाची तारीख यांत काही दिवसांचं अंतर असतं. मी नेहमी आधीची, म्हणजे परीक्षेची, तारीख धरून मोजते. चार दिवस हातचे राहिले तर बिघडत नाही.

४. आमंत्रणाचे साठ दिवस सगळ्यांना साठ नसतात

आता माझी गोष्ट. जनरल परीक्षा मी २१ नोव्हेंबर २०२०ला दिली. साथीचे दिवस होते, वर्ग घरून चालू होते, अभ्यासाला वेळ होता. अभ्यास अंगात आहे तोवर उरकून टाकू, असं वाटलं. गुण छान आले. ऐकण्यात साडेआठ, वाचनात साडेसात, लेखनात सात, बोलण्यात साडेसात.

पण मला पीआरसाठी कॅनडातला एक वर्षाचा नोकरीचा अनुभव लागणार होता, आणि नोकरी लागली जुलै २०२१मध्ये. म्हणजे प्रोफाइल भरता येणार ते जुलै २०२२ला. तोवर निकालाचे वीस महिने संपलेले. परीक्षा देण्याआधी हा साधा हिशेब मी बोटांवर केला असता तरी थांबले असते.

त्यात आणखी एक अडचण आली. सप्टेंबर २०२१पासून कॅनडात नोकरी केलेल्यांसाठीचे ड्रॉ थांबले होते. ते ६ जुलै २०२२ला परत सुरू झाले तेव्हा कट-ऑफ ५५७ होता. दर पंधरा दिवसांनी तो उतरत होता. माझे गुण ४९५. बुधवारी दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये फोनवर आकडा बघायचा आणि परत कामाला लागायचं, असे चार महिने गेले. ९ नोव्हेंबरला कट-ऑफ ४९४ झाला आणि मला आमंत्रण आलं.

आमंत्रण आलं की पूर्ण अर्ज पाठवायला साठ दिवस मिळतात, म्हणजे मला ८ जानेवारी २०२३पर्यंत. पण माझा निकाल २१ नोव्हेंबरला शिळा होणार होता. माझ्या हातात साठ नाही, बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत डॉक्टरांची तपासणी झाली असती, कंपनीचं पत्रही मिळालं असतं. भारतातल्या पोलिसांचा दाखला मिळणार नव्हता. इथून अर्ज गेला की साताऱ्याच्या पत्त्यावर पडताळणी होते आणि त्याला आठवडे लागतात. दाखल्यासाठी अर्ज केल्याची नुसती पावती जोडून पीआरचा अर्ज पाठवावा इतकी माझी छाती नव्हती. अपुरा अर्ज म्हणून परत आला तर आमंत्रण जातंच, शिवाय महिने जातात.

मी ३ डिसेंबरला परत परीक्षा दिली. तीनशे डॉलरहून अधिक गेले, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. नव्या निकालाचे गुण घालून माझी बेरीज परत होणार, आणि ती ४९४च्या खाली गेली तर हातातलं आमंत्रण असून नसल्यासारखं.

निकाल आला. वाचन, लेखन, बोलणं होतं तसंच. ऐकण्यात साडेआठच्या जागी आठ. तीन गुण कमी झाले आणि बेरीज झाली ४९२.

त्या रात्री बराच वेळ मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होते. आमंत्रण नाकारण्याचं बटण असतं. ते दाबलं की प्रोफाइल परत रांगेत जातं. न दाबता मुदत संपू दिली तर प्रोफाइल रद्द होतं आणि सगळं नव्यानं भरावं लागतं. मी नाकारलं, नवा निकाल भरला आणि वाट बघत बसले. ११ जानेवारी २०२३ला कट-ऑफ ५०७ लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. आठवड्यानं, १८ जानेवारीला, ४९० लागला. दुसरं आमंत्रण आलं. तोवर पोलिसांचा दाखलाही आला होता आणि निकाल दीड महिन्याचा होता. फेब्रुवारीत अर्ज गेला.

आता कुणी विचारलं की परीक्षा कधी देऊ, तर मी उलटीकडून मोजायला सांगते. अर्ज पाठवण्याचा सगळ्यात उशिराचा दिवस कुठला असू शकतो तो आधी धरा. ड्रॉची वाट बघण्यात वर्ष जाईल असं समजा, कारण प्रोफाइलही वर्षभरच चालतं. त्यात साठ दिवस मिळवा. त्या दिवशी निकाल जिवंत राहील एवढ्या उशिरा परीक्षा द्या. आणि निकालाला दीड वर्ष झालं की प्रोफाइल रांगेत असतानाच दुसरी परीक्षा देऊन ठेवा, आमंत्रणाची वाट बघू नका. रांगेत असताना कमी गुण आले तर जुना निकाल संपेपर्यंत तोच ठेवता येतो. आमंत्रणानंतर ती मोकळीक राहत नाही.

५. अर्ध्या बँडची किंमत आधी काढून ठेवा

तिसऱ्या परीक्षेला जाताना मला लेखनाची धास्ती होती. ती अवाजवी नव्हती. कॅनडा सरकार आयेल्ट्सचे बँड थेट धरत नाही, त्यांचं रूपांतर सीएलबी नावाच्या पातळीत करतं. लेखनात सात म्हणजे सीएलबी नऊ आणि साडेसहा म्हणजे आठ. मी अविवाहित होते, म्हणून एकट्याच्या तक्त्यानं सीएलबी नऊला एका कौशल्याचे ३१ गुण आणि आठला २३. म्हणजे अर्धा बँड खाली गेला की थेट आठ गुण गेले.

पण तेवढ्यावर भागत नाही. पुण्यातल्या माझ्या दोन वर्षांच्या नोकरीला इंग्रजीशी जोडून वेगळे गुण मिळतात. चारही कौशल्यांत सीएलबी नऊ असेल तर २५. एका जरी कौशल्यात नवाच्या खाली आलात, पण सगळ्यांत सात तरी आहे, तर १३. म्हणजे आणखी बारा गेले. लेखनातल्या त्या एका अर्ध्या बँडनं माझे वीस गुण गेले असते आणि मी ४९२ नव्हे, ४७२वर आले असते. १८ जानेवारीच्या कट-ऑफपासून कितीतरी खाली.

ऐकण्याचं वेगळं आहे. तिथे सीएलबी नऊला सात नाही, आठ बँड लागतात. साडेसात म्हणजे सीएलबी आठ. बाकी तिन्हीला सात चालतात म्हणून ऐकण्यातही सात पुरतील, असं समजणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. 'एकूण साडेसात आले' म्हणून पेढे वाटलेल्या एका मुलाला ऐकण्यात साडेसातच होते. एकूण बँडला एक्सप्रेस एंट्रीत काहीच जागा नाही, चार वेगळे आकडे असतात आणि चारही मोजतात.

नवरा-बायको मिळून अर्ज करत असतील तर गुणांचा तक्ता बदलतो. जोडीदाराच्या इंग्रजीचेही गुण मिळतात, जास्तीत जास्त वीस. जोडीदाराच्या निकालाला त्याची स्वतःची तारीख असते. दोघांनी सहा महिन्यांच्या अंतरानं परीक्षा दिल्या तर घरात दोन मुदती सांभाळाव्या लागतात. शक्यतो एकाच महिन्यात द्या.

६. नोकरीच्या ठिकाणी खरी अट बहुधा तिसऱ्याच कुणाची असते

मिरजेची माझी मैत्रीण परिचारिका आहे. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयानं तिची मुलाखत घेतली आणि नोकरी देऊ केली. इंग्रजीचं काय, असं तिनं विचारलं तर ते म्हणाले, आमचं काही नाही, नोंदणी झाली की झालं. नोंदणी म्हणजे तिथल्या परिचारिका परिषदेची, एनएमसीची. एनएमसी आयेल्ट्स अकॅडमिक किंवा ओईटी घेते. आयेल्ट्समध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत सात आणि लेखनात साडेसहा हवेत.

तिला पहिल्यांदा लेखनात सहा आले, बाकी तिन्हींत सात. दुसऱ्या वेळी लेखनात साडेसहा आले, पण बोलण्यात साडेसहावर घसरली. ती रडकुंडीला आली होती. मग कळलं, की एनएमसी दोन परीक्षांचे गुण जोडू देते. दोन्ही परीक्षा बारा महिन्यांच्या आत झालेल्या हव्यात (२०२३च्या आधी ही मुदत सहा महिनेच होती) आणि कुठल्याही वेळी गुण ठरावीक पातळीच्या खाली गेलेले नसावेत. तिचे दोन्ही निकाल त्यात बसले आणि नोंदणी झाली. एनएमसीसाठी इंग्रजी सिद्ध केलेल्या परिचारिकेला व्हिसासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून तिचा तोही खर्च वाचला.

पुढे तिच्या मनात कॅनडा आला. "अगं, माझे गुण आहेत की," ती म्हणाली. मला तिला सांगावं लागलं, की इथे अकॅडमिक चालत नाही, ओईटी चालत नाही आणि दोन परीक्षा जोडताही येत नाहीत. एनएमसीनं दिलेली सवलत एनएमसीच्या दारापर्यंतच होती. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य यांनी म्हणून आधी नोंदणी परिषदेची अट वाचावी, मग रुग्णालयाची. बहुतेकदा रुग्णालयाची वेगळी अट नसतेच.

७. नियमाचं पान तारखेसकट जपून ठेवा

माझ्या चुलतभावानं २०२३मध्ये कॅनडाला यायचं ठरवलं तेव्हा शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला इंग्रजीची परीक्षा लागत नव्हती. १ नोव्हेंबर २०२४पासून ती लागू झाली. विद्यापीठाची पदवी असेल तर सीएलबी सात, कॉलेजच्या बहुतेक अभ्यासक्रमांना पाच, आणि निकाल अर्जाच्या दिवशी दोन वर्षांच्या आतला. परीक्षा तीच, पीआरला चालणारी. प्रवेशासाठी त्यानं दिलेली अकॅडमिक इथेही कामाची नव्हती.

म्हणून मी फोन करणाऱ्या मुलांना एक सवय लावते. सल्लागार काय म्हणतो, मित्राचं कसं झालं, हे ऐकून घ्या. पण फी भरण्याआधी त्या सरकारचं किंवा विद्यापीठाचं स्वतःचं पान उघडा आणि तीन गोष्टी उतरवून काढा. परीक्षेचं पूर्ण नाव. प्रत्येक कौशल्यात लागणारे गुण. आणि निकाल कुठल्या दिवशी जिवंत हवा ते. पान कधी अद्ययावत केलं याची तारीख बहुधा तळाशी असते, तिच्यासकट ते जपून ठेवा. विद्यापीठाच्या पानावर दिवस स्पष्ट नसेल तर प्रवेश विभागाला एका ओळीचं पत्र पाठवा: 'माझी परीक्षा अमुक तारखेची आहे, माझा वर्ग अमुक तारखेला सुरू होतो, हा निकाल चालेल का?' दोन्ही तारखा लिहिल्या की उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येतं. तारखा न घालता विचारलं तर 'दोन वर्षं' एवढंच उत्तर येतं, आणि तेवढं तर आपल्याला आधीच माहीत असतं.

८. शिळा निकाल फेकू नका

आता मी नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला आहे. त्यातही अठरा ते चौपन्न वयाच्या माणसानं इंग्रजी किंवा फ्रेंच येत असल्याचा पुरावा द्यायचा असतो. मी चौथ्यांदा फी भरायच्या तयारीनं पान वाचायला बसले. तिथे लिहिलं आहे, की मुदत संपलेला निकालही चालेल. तेच खातं, तीच परीक्षा, पण पीआरला दोन वर्षांच्या आतला निकाल हवा आणि नागरिकत्वाला कितीही जुना चालतो. फक्त ऐकणं आणि बोलणं बघतात, तेही किमान सीएलबी चार.

मी फाइल काढली. पुण्याचं अकॅडमिक बाजूला ठेवलं. ज्या निकालामुळे मला आमंत्रण नाकारावं लागलं होतं, तो २१ नोव्हेंबर २०२०चा, ऐकण्यात साडेआठवाला कागद अजून त्याच प्लास्टिकच्या पाकिटात होता. त्याचीच प्रत मी अर्जाला जोडली.